शिक्का मारण्याआधी मसुदा दाखवा

बँकांच्या शाखा व्यवस्थापकांस,



मी छोट्या कंत्राटदारांची निविदेची कागदपत्रं तयार करतो. तुम्ही देता त्या सॉल्व्हन्सी दाखल्याबद्दल हे पत्र आहे.

गेल्या वर्षी आमच्या एका कंत्राटदाराने १ कोटी २० लाखांच्या रस्त्याच्या कामाची निविदा भरली. अट होती अंदाजित किमतीच्या ४० टक्के सॉल्व्हन्सीची, म्हणजे ४८ लाखांची. बँकेने दाखला दिला, आकड्यात ५०,००,००० आणि अक्षरात 'चाळीस लाख'. कुणातरी जुन्या ग्राहकाचा दाखला संगणकावर उघडून त्यात नाव, तारीख आणि आकडा बदलला होता, अक्षरं तशीच राहिली. खाली उद्देशाची ओळही तशीच होती: 'व्हिसासाठी'. तपासणाऱ्या अधिकाऱ्याने कमी रक्कम धरली. तांत्रिक लिफाफ्यातच निविदा बाद झाली. आमचा दर उघडलाच नाही. दाखला अपलोड करण्याआधी मीही तो नीट वाचला नव्हता, ही चूक माझीच.

तारखेचंही असंच होतं. बऱ्याच निविदांत दाखला किती जुना चालेल, हे लिहिलेलं असतं. ती मुदत कुठल्या तारखेपासून मोजायची, हे निविदेतच बघावं लागतं. ग्राहक घाईत असतो, म्हणून मागच्या नोंदणीच्या वेळचा दाखला पुन्हा लावतो. तेव्हा उद्देशाच्या ओळीत निविदा क्रमांक आणि कामाचं नाव घाला. मग तो कागद दुसरीकडे लावताना त्याला स्वतःलाच थांबावं वाटेल.

शब्दांबद्दल मात्र तुमची बाजू मला पटते. 'आमच्या माहितीप्रमाणे हे गृहस्थ इतक्या रकमेपर्यंतच्या व्यवहारास पात्र समजता येतील; बँकेवर वा अधिकाऱ्यांवर कोणतीही हमी वा जबाबदारी नाही' हा मजकूर योग्यच आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या नमुन्यातही असाच खुलासा आहे. तो वगळा, असं ग्राहक सांगतो तेव्हा ऐकू नका. सॉल्व्हन्सी दाखला म्हणजे बँक गॅरंटी नव्हे. पण निविदेत नमुना दिलेला असेल, तर तुमच्या छापील मजकुराऐवजी तोच वापरा. भागीदारी संस्था असेल, तर अशा नमुन्यात बऱ्याचदा सर्व भागीदारांची नावं मागितलेली असतात. ती राहिली तर कंत्राटदार कचाट्यात सापडतो.

काही ठिकाणी 'नेटवर्थ सर्टिफिकेट' मागतात आणि ग्राहक तुमच्याकडे येतो. निविदेत ते चार्टर्ड अकाउंटंटचं मागितलं असेल, तर त्याला तिकडे पाठवा. त्या दाखल्यावरचा यूडीआयएन क्रमांक पडताळता येतो, हेही सांगा.

माझी विनंती एवढीच: ग्राहकाला निविदेतलं दाखल्याच्या अटीचं पान घेऊन बोलवा, मसुदा त्याच्यासमोर मोठ्याने वाचा, आणि मगच लेटरहेडवर सही-शिक्का करा.

आपला,
एक निविदा सल्लागार