शाळेत पॅनल आलं, पण पोरांची वही त्यावर कधी दिसणार?

आपल्या भागातल्या बऱ्याच जिल्हा परिषद शाळांच्या भिंतीवर आता मोठा टचस्क्रीन पॅनल लागलाय. कुठे समग्र शिक्षामधून, कुठे ग्रामपंचायतीच्या निधीतून, कुठे एखाद्या कंपनीच्या सीएसआरमधून. उद्घाटनाचा नारळ फुटला, फोटो झाले. त्यानंतर पॅनलचा उपयोग काय होतो, असं विचारलं तर बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळतं: व्हिडिओ दाखवतो. कविता, प्राणी, सूर्यमाला. पोरं बघत बसतात.

व्हिडिओ दाखवणं वाईट नाही. पण तेवढंच करायचं असेल तर साधा टीव्हीही चालला असता. पॅनलचे जास्तीचे पैसे ज्यासाठी मोजले त्यातली एक सोय अशी, की पोराने वहीत सोडवलेलं गणित फोनने टिपायचं आणि दोन मिनिटांत सगळ्या वर्गासमोर मोठं करून दाखवायचं. त्यासाठी केबल लागत नाही, पेनड्राइव्ह लागत नाही. पॅनलच्या पडद्यावर एक कोड येतो, तो फोनमध्ये टाकायचा, की फोन पॅनलला जोडला जातो. ही सोय बऱ्याच पॅनलमध्ये आधीपासून असते, पण ती वापरणारे गुरुजी कमीच दिसतात. ती अडते कुठे, हे समजून घेतलं तर पालकांनाही शाळेत नेमका प्रश्न विचारता येईल.

आधी जोडणी कशी होते ते बघू. पॅनलवर स्क्रीन शेअरिंगचं अ‍ॅप असतं. कंपनीप्रमाणे नाव बदलतं. बऱ्याच पॅनलवर `Bytello Share` किंवा `EShare` असं नाव दिसतं. ते उघडलं की पडद्यावर आकड्यांचा किंवा अक्षर-आकड्यांचा छोटा कोड येतो आणि शेजारी बहुतेक वेळा क्यूआरही असतो. फोनमध्ये त्याच नावाचं अ‍ॅप एकदाच प्ले स्टोअरवरून घ्यावं लागतं. अ‍ॅप उघडून कोड टाकायचा किंवा क्यूआर स्कॅन करायचा. जोडणी झाली की फोनवर दोन-तीन पर्याय दिसतात. आपल्याला लागतो तो फोटोचा किंवा कॅमेऱ्याचा.

आता अडचणीचं मूळ. गुरुजी कोड बरोबर टाकतात, तरी फोनवर पॅनल सापडत नाही असा मेसेज येतो. मग म्हणतात, "आमच्याकडे रेंज नाही, नेट चालत नाही." खरं म्हणजे या कामाला इंटरनेट लागतच नाही. लागतं ते एवढंच, की फोन आणि पॅनल दोन्ही एकाच वायफायवर हवेत. शेतकऱ्याला हे लगेच कळेल. दोन वावरं एकाच चारीवर असली तर इकडचं पाणी तिकडे वळवता येतं. एक वावर या चारीवर आणि दुसरं त्या चारीवर असेल, तर धरण भरलेलं असूनही उपयोग नाही. कोड म्हणजे चारीवरच्या दाराचा नंबर. चारीच वेगळी असेल तर नंबर बरोबर असून काय करायचं?

शाळेत बहुतेक वेळा असंच झालेलं असतं. पॅनल शाळेच्या राउटरवर असतो आणि गुरुजींचा फोन सिमच्या नेटवर. किंवा फोन आधी बरोबर वायफायवर जातो, पण त्या वायफायला इंटरनेट नाही हे बघून स्वतःच परत सिमच्या नेटवर उडी मारतो. बरेच फोन अशा वेळी विचारतात, की या नेटवर्कला इंटरनेट नाही, तरी जोडलेलं ठेवायचं का? तिथे "हो" म्हणायचं. तरी जमत नसेल तर तेवढ्या वेळापुरतं मोबाइल डेटाचं बटण बंद करायचं. ज्या शाळेत राउटर आहे पण रिचार्ज संपलाय, तिथेही हे काम चालतं. फोटो राउटरमधून थेट पॅनलला जातो, बाहेर कुठे जात नाही.

राउटरच नसेल तर दोन वाटा आहेत. पहिली वाट पॅनलच्या हॉटस्पॉटची. बऱ्याच पॅनलला स्वतःचा हॉटस्पॉट असतो, तो सुरू करून फोन त्यावर जोडायचा. इथे एक गंमत होते. काही जुन्या किंवा स्वस्त फोनमध्ये त्या हॉटस्पॉटचं नावच यादीत येत नाही. शेजारच्या बाईंच्या नव्या फोनमध्ये मात्र दिसतं. याचा अर्थ पॅनलचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर आहे आणि जुना फोन फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतो. पॅनलच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटचा बँड २.४ केला की नाव दिसायला लागतं.

दुसरी वाट म्हणजे गुरुजींनी आपल्या फोनचा हॉटस्पॉट सुरू करायचा आणि पॅनल त्यावर घ्यायचा. यात डेटा संपेल अशी भीती असते. वहीचा फोटो पॅनलवर जाण्यात सिमचा डेटा जात नाही. पण पॅनलला नेट मिळालं की तो मागच्या मागे अपडेट ओढू शकतो, आणि डेटा तिथे जातो. म्हणून तास संपला की हॉटस्पॉट बंद करायचा.

अजून एक गोष्ट. लाइट गेली आणि आली की कोड बदललेला असू शकतो. काही शाळांत कोड भिंतीवर चिकटवून ठेवतात. दुसऱ्या दिवशी तो चालत नाही आणि पॅनल बिघडलं असं म्हणतात. दरवेळी पडद्यावर जो दिसतो तोच कोड घ्यायचा.

आता याचा फायदा काय, ते चौथीच्या एका तासावरून बघू. फळ्यावर गणित आहे, ६१२ भागिले ६. बाई वर्गात फिरतात. काही पोरांचं उत्तर १०२ आहे, काहींचं १२, एका-दोघांचं १२०. एरवी काय होतं? बाई फळ्यावर बरोबर उत्तर सोडवून दाखवतात आणि पोरं खोडून ते उतरवून घेतात. चुकलं कुठे, हे चुकणाऱ्याला कळतच नाही.

फोन जोडलेला असेल तर बाई तीन वह्यांचे फोटो काढतात आणि पॅनलवर शेजारी शेजारी लावतात. बरोबर कोणतं, हे न सांगता त्या विचारतात, "१२ ला ६ ने गुणून बघा बरं." पोरं म्हणतात, ७२. मग ६१२ कुठे गेले? आता सगळा वर्ग त्या वहीतल्या पायऱ्या वाचायला लागतो. ६ मध्ये ६ एकदा गेला, वर १ लिहिला. पुढचा १ खाली घेतला. १ मध्ये ६ जात नाही, म्हणून त्याने लगेच २ खाली घेऊन १२ केले आणि वर २ लिहिले. मधला शून्य लिहायचा राहिला. बाई पॅनलच्या पेनाने त्याच फोटोवर ती जागा गोल करतात. १२० वाल्याच्या वहीत शून्य आहे, पण एकक घरात जाऊन बसलाय. दोन्ही चुका एकाच ठिकाणच्या आहेत, हे पोरांना स्वतः दिसतं. व्हिडिओत हे होत नाही, कारण व्हिडिओला आपल्या वर्गातल्या पोराची चूक माहीत नसते.

यासाठी चालू कॅमेऱ्यापेक्षा फोटो बरा. कॅमेरा चालू ठेवला तर हात हलतो आणि चित्र मागे-पुढे येतं. फोटो स्थिर राहतो, मोठा करता येतो, त्यावर लिहिता येतं. पेन्सिल फिकी असेल तर पॅनलवर काहीच वाचता येत नाही, म्हणून वही खिडकीजवळ धरून, स्वतःची सावली न पाडता फोटो काढायचा.

इथपर्यंत यंत्राची गोष्ट झाली. पण यात पोरांचं आणि गुरुजींचं नुकसान होईल अशा तीन जागा आहेत.

पहिली जागा, अख्खी स्क्रीन दाखवण्याची. फोटोच्या पर्यायाऐवजी पूर्ण स्क्रीन शेअर केली, तर फोनवर येणारं सगळं वर्गाला दिसतं. व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज, बँकेचा ओटीपी, घरचे फोटो. म्हणून वहीसाठी फक्त फोटोचा पर्याय वापरायचा. स्क्रीन दाखवावीच लागली तर आधी "डू नॉट डिस्टर्ब" लावायचं आणि मेसेज वर येणं बंद झालंय हे एकदा बघून घ्यायचं.

दुसरी, कोड म्हणजे पासवर्ड नव्हे. तो पडद्यावर सगळ्यांना दिसतो. त्याच वायफायवर असलेला आणि अ‍ॅप असलेला कोणीही तो टाकू शकतो. वरच्या वर्गातल्या पोरांकडे फोन असतील, तर मधेच भलतंच काही पॅनलवर येऊ शकतं. बऱ्याच पॅनलमध्ये जोडणी आधी मंजूर करायची सेटिंग असते. ती चालू केली की प्रत्येक नव्या फोनसाठी पॅनलवर "हो की नाही" विचारलं जातं. आणि शाळेच्या वायफायचा पासवर्ड गावभर वाटायचा नाही.

तिसरी जागा सगळ्यात नाजूक. चुकलेली वही नावासकट मोठ्या पडद्यावर आली, की ते पोर वर्गात हसण्याचा विषय होतं. पुढच्या वेळी ते वही झाकून बसतं. मग हेच पॅनल शिकवण्याऐवजी पोराला गप्प करतं. म्हणून फोटोत नाव येऊ द्यायचं नाही, एका चुकीची वही एकटी लावायची नाही, आणि पोराला आधी विचारायचं. तास संपला की ते फोटो फोनमधून आणि पॅनलमधूनही काढून टाकायचे. पॅनलवर ठेवलेला फोटो उद्या कोणीही उघडू शकतो. आणि हे फोटो गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर टाकायचेच नाहीत.

पालकांनी काय करायचं? शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. म्हणजे हा विषय बैठकीत काढायला कोणाची परवानगी लागत नाही. "पॅनल चालू आहे का?" असं विचारलं तर "चालू आहे" असं उत्तर मिळेल आणि विषय संपेल. त्यापेक्षा तीन प्रश्न विचारा. या महिन्यात पोरांच्या वह्या पॅनलवर किती वेळा दाखवल्या? फोन जोडायला कोणतं वायफाय वापरता? आणि दाखवलेले फोटो नंतर कुठे जातात? पहिल्याचं उत्तर "एकदाही नाही" असेल, तर तिथेच कोड उघडून एका फोनवरून जोडून बघायला सांगा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. अडलं तर फोन आणि पॅनल एकाच वायफायवर आहेत का, हे आधी बघा.