दहा विजयांनंतरचा अकरावा सामना

अहमदाबादेत 19 नोव्हेंबर 2023 रोजी भारत विश्वचषकाचा अंतिम सामना हरला. त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या माणदेशात, दहिवडीपासून म्हसवडपर्यंत, चहाच्या प्रत्येक टपरीवर दोनच मते ऐकू येत होती. एक म्हणे, ‘सलग दहा सामने जिंकलेला संघ हरतोच कसा? नक्की काहीतरी गडबड आहे.’ दुसरा म्हणे, ‘दहा जिंकले म्हणूनच हरले. कधीतरी पाळी येणारच होती.’

ही नुसती पारावरची चर्चा असती, तर रविवारच्या सकाळी मी वाचकांचा वेळ घेतला नसता. पण या दोन्ही मतांवर पैसे लागतात. महाराष्ट्रात क्रिकेटवरचा सट्टा गुन्हा आहे आणि ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांवरच्या ऑनलाइन खेळांना बंदी घालणारा कायदाही केला. तरीही डाळिंबाच्या पट्टीचे आलेले पैसे ‘आता हे हरूच शकत नाहीत’ म्हणून एका रात्रीत घालवलेला तरुण मला ठाऊक आहे, आणि ‘आता हे हरणारच’ म्हणून घालवलेलाही. त्या दोघांचा हिशेब कुठे चुकला, ते पाहू.

त्यासाठी वीस वर्षे मागे जावे लागेल. 23 मार्च 2003, जोहान्सबर्ग. त्या विश्वचषकात ऑस्ट्रेलिया सलग दहा सामने जिंकून अंतिम फेरीत आली होती आणि समोरचा भारत सलग आठ. 2023 मध्ये चित्र नेमके उलटे होते. भारताचे सलग दहा, तर पहिले दोन सामने हरलेल्या ऑस्ट्रेलियाचे त्यानंतर सलग आठ. दहा विजयांनंतर ‘पाळी येते’ असे असेल, तर 2003 मध्येही ती यायला हवी होती. प्रत्यक्षात ऑस्ट्रेलियाने 359 धावा केल्या आणि आपल्याला 125 धावांनी हरवले. दहाचा आकडा तोच असताना अकराव्या सामन्याचा निकाल एकदा इकडे लागला, एकदा तिकडे.

संख्याशास्त्रात ‘सरासरीकडे परतणे’ नावाची एक गोष्ट आहे. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने 1886 मध्ये ती उंचीच्या मोजमापांतून दाखवली. फार उंच आईबापांची मुले उंचच निघतात, पण बहुधा आईबापांइतकी नाहीत. ‘पाळी येणारच’ म्हणणारे लोक याच नियमाचा आधार घेतात, पण कोणाची सरासरी, हा प्रश्न ते विसरतात. आपल्या सातारा जिल्ह्याइतके त्याचे चांगले उदाहरण सापडणार नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, माणात पाचशेच्या आसपास. महाबळेश्वरला एखाद्या वर्षी अतोनात पाऊस झाला, तर पुढच्या वर्षी तो कमी असण्याचा संभव मोठा. पण तो कमी होऊन महाबळेश्वरच्या सरासरीकडे येईल, दहिवडीच्या नव्हे. शिवाय यंदा जादा पडला म्हणून पुढच्या वर्षी आभाळ मुद्दाम हात आखडता घेत नाही. ते हिशेबवही ठेवत नाही.

संघाचेही तसेच आहे. प्रत्येक मालिकेत थोडे खरे बळ असते, थोडे नशीब. दहा सामने जिंकल्यावर ज्या संघाकडे आपले लक्ष जाते, त्याचे नशीब त्या काळात बहुधा चांगलेच असते. नसते तर मालिका मध्येच तुटली असती आणि आपण त्याच्याविषयी बोललोही नसतो. पुढच्या सामन्यात बळ बरोबर येते, नशीब येईलच असे नाही.

मग अकराव्या सामन्याचा अंदाज कसा बांधायचा? समजा, स्पर्धेआधी या भारतीय संघाला आपण दहापैकी सात सामने जिंकणारा संघ मानत होतो. हे आधीचे मत किती वजनाचे, ते ठरवावे लागते. वीस सामन्यांइतके धरू. म्हणजे वीसपैकी 14 विजय. त्यात स्पर्धेतले दहापैकी दहा मिळवले की तीसपैकी 24, म्हणजे शंभरात 80. आधीच्या मताला दहाच सामन्यांचे वजन दिले तर 85 येतात, चाळीसचे दिले तर 76. वजन किती द्यायचे यावर जाणकारांतही मतभेद होतील, पण कोणत्याही शहाण्या वजनाने उत्तर 100 येत नाही आणि 50 च्या खालीही जात नाही.

शंभरात 80 वेळा जिंकणाऱ्या संघालाही ओळीने दहा जिंकण्याची संधी शंभरात साधारण 11 एवढीच असते. म्हणजे दहा विजयांची माळ हा चांगल्या संघाचा पुरावा जरूर आहे, अजिंक्य संघाचा नव्हे.

यानंतर मात्र आकडे बाजूला ठेवून सामने कसे जिंकले ते पाहावे लागते. चेन्नईतल्या पहिल्याच सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध आपली 2 बाद... नव्हे, 2 धावांत 3 गडी बाद अशी अवस्था होती आणि 12 धावांवर असलेल्या कोहलीचा झेल मिचेल मार्शच्या हातून सुटला. कोहलीने पुढे 85 केल्या. तो झेल बसता, तर कदाचित ही माळ सुरूच झाली नसती. हा नशिबाचा भाग. उलट, पाचव्या सामन्यापासून महंमद शमी संघात आला आणि त्याने सात सामन्यांत 24 बळी घेतले. श्रीलंका 55 धावांत गारद, दक्षिण आफ्रिका 83 धावांत. एवढ्या मोठ्या फरकाचे विजय सुटलेल्या झेलांवर मिळत नाहीत. इथे संघाची सरासरीच वर सरकली होती, आणि मागच्या वर्षांची सरासरी कवटाळून बसणारा इथे फसतो. त्यातून शेवटचा प्रतिस्पर्धी नेदरलँड्स नव्हता. सलग आठ जिंकलेल्या ऑस्ट्रेलियासमोर त्या 80 चे 65-70 धरणे मला रास्त वाटते. तसे धरले तर तीनांतला जवळजवळ एक सामना हरायचाच असतो. त्याला गडबडीचा संशय लागत नाही. ट्रॅव्हिस हेडच्या 137 धावा पुरतात.

राहिला भाव. सट्ट्याच्या बोलीत संघ ‘लावणे’ म्हणजे तो जिंकेल यावर पैसे ठेवणे, ‘खाणे’ म्हणजे हरेल यावर. माळ लांबली की सगळेच लावू लागतात आणि भाव उतरतो. समजा तो 25 पैशांवर आला, म्हणजे 100 रुपये लावून जिंकल्यास 25 मिळणार. असा संघ शंभरात 80 वेळा जिंकला, तर लावणारा जेमतेम बरोबरीत सुटतो. 75 वेळा जिंकला, तर शंभर डावांत त्याला 1,875 रुपये मिळतात आणि 2,500 जातात.

मग खाणाऱ्याचे फावते का? बुकी खाण्याचा भाव थोडा वेगळा ठेवतो, समजा 27. आता संघ 75 वेळा जिंकणारा असेल तर खाणाऱ्याला शंभर डावांत 475 रुपये सुटतात; 80 वेळा जिंकणारा असेल तर 160 रुपये जातात. सगळा खेळ या 75 आणि 80 मधल्या फरकावर, आणि वर आपण पाहिले की आपला अंदाजच 76 ते 85 असा हेलकावतो. तो फरक दहा सामने पाहून कळत नाही. माळ तुटण्याच्या आशेवर खाणाऱ्याला हा हिशेब माहीतच नसतो. त्याने भाव पाहिलेला नसतो, फक्त दहाचा आकडा पाहिलेला असतो.

29 जून 2024 रोजी बार्बाडोसला ट्वेन्टी-20 विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, तेव्हा भारत त्या स्पर्धेत एकही सामना हरलेला नव्हता आणि दक्षिण आफ्रिका सलग आठ जिंकून आली होती. आमच्याकडच्या एका पक्क्या ‘पाळी’वाल्याला मी त्या संध्याकाळी विचारले, आता हरायची पाळी कोणाची? तो बराच वेळ डोके खाजवत बसला. भारत सात धावांनी जिंकला, तेव्हा म्हणाला, ‘त्यांची जास्त झाली होती.’