क्लस्टर डोकेदुखीत गोळी उशिरा पोहोचते

एका डोळ्यामागे असह्य कळ, तोच डोळा लाल, त्याच बाजूचे नाक बंद. क्लस्टर डोकेदुखीचा झटका 15 मिनिटे ते 3 तास टिकतो. गोळीचा परिणाम होईपर्यंत तो अनेकदा ओसरूही लागतो, म्हणून गोळीवर विसंबणे चूक. सुमाट्रिप्टानचे 6 मिलिग्रॅमचे त्वचेखालील इंजेक्शन बहुतेकांना 15 मिनिटांत आराम देते. झोल्मिट्रिप्टानचा नाकातला स्प्रे थोडा हळू. तो दुखत नसलेल्या बाजूच्या नाकपुडीत मारावा. हृदयविकार असलेल्यांना दोन्ही वर्ज्य.

झटक्यांच्या आठवड्यांत एक पेगही तासाभरात झटका आणू शकतो. दारूने रक्तवाहिन्या रुंदावतात, हे त्यामागचे कारण मानले जाते. हा काळ सरल्यावर तीच दारू सहसा त्रास देत नाही. म्हणूनच ‘मागे प्यायलो तेव्हा काही झाले नाही’ हा युक्तिवाद फसवा आहे.