दुकान घरातच देताय? मग निरोपाच्या आधी नोंद लिहा



माझं हार्डवेअर आणि पेंटचं दुकान मूळचं काकांचं. तेहतीस वर्षं त्यांनी चालवलं, मग गुडघे दुखायला लागले आणि १ एप्रिलपासून ते माझ्याकडे आलं. पूजा झाली, पेढे वाटले, काकांनी किल्ल्या हातात दिल्या आणि म्हणाले, "आता तू बघ." आमचं हस्तांतरण एवढंच. कागद एकही नाही. बीबीए केलेला पुतण्या आणि मुरलेला दुकानदार, दोघांनाही वाटलं की घरात कसली लिखापढी.

सप्टेंबरमध्ये काकांची मुलगी, म्हणजे आमची ताई, माहेरी आली होती. जेवताना तिने सहज विचारलं, "बाबांची बाजारात साडेतीन लाखांच्या आसपास उधारी होती ना रे, ती वसूल झाली का?" मी घास तोंडात तसाच ठेवून बसलो. उत्तर मला माहीतच नव्हतं. वसूल होत होती, पण कुणाकडून किती आली, ती माझ्या गल्ल्यात किती गेली आणि काकांच्या खात्यात किती, हे मला सांगता येईना. ताईने पुढे काही विचारलं नाही. तेच जास्त लागलं.

म्हणून आज माझं स्पष्ट मत सांगतो. नातेवाइकाला दुकान देताना किल्ली आणि स्टॉकची यादी ही सोपी कामं आहेत, ती कुणीही करतं. भांडण होतं ते तारखेच्या रेषेवरून. रेषेच्या अलीकडचं काकांचं, पलीकडचं माझं, हे ज्या कागदावर लिहिलंय ती हस्तांतरण नोंद. आणि तीच रेषा गिऱ्हाइकाला कळवतो तो निरोपाचा मेसेज. नोंद नसेल तर मेसेज नुसता भावनिक होतो, आणि भावनिक मेसेजमुळे गिऱ्हाइकाला पैसे कुणाला द्यायचे ते कळत नाही.

रेषा पुसट असली की काय होतं

एक उदाहरण बघा. आमच्या एका प्लंबरची काकांच्या वहीत १२,००० रुपये बाकी होती. ५ एप्रिलला त्याने माझ्याकडून ४,००० चा माल उधार नेला. १० तारखेला ५,००० रुपये रोख दिले. हे पैसे कुणाचे? मी ते माझ्या ४,००० मध्ये वळते केले आणि हजार रुपये जमा दाखवले. काकांच्या हिशेबात त्याने काहीच दिलं नव्हतं. त्याच्या डोक्यात मात्र "दुकानाला पाच हजार दिले" एवढंच होतं, आणि त्याचंही चूक नाही. दुकान त्याच्यासाठी एकच आहे.

उलटंही झालं. काका संध्याकाळी ओट्यावर बसायचे. येता जाता लोक त्यांच्या हातात पैसे द्यायचे, त्यातले काही माझ्या नव्या मालाचे. शिवाय काउंटरवर त्यांच्याच नावाचा क्यूआर दोन महिने तसाच चिकटलेला होता. माल माझा, पैसे काकांच्या खात्यात. एका जुन्या गिऱ्हाइकाकडे मी ८,००० ची बाकी मागितली, तर ते म्हणाले, "तुमच्या काकांना दिलेत की घरी." काका विसरले होते. ते गृहस्थ त्यानंतर दुकानात आले नाहीत.

शेवटी दिवाळीच्या आधी मी, काका आणि ताई असे तिघं बसलो. ५८ गिऱ्हाइकांची पानं, माझं बँक स्टेटमेंट, काकांचं पासबुक. चार रविवार गेले. ३१ मार्चची उधारी निघाली ३,४२,००० रुपये. त्यातले ८७,००० माझ्याकडे आले होते, ते काकांचे. ४१,००० काकांकडे गेले होते, ते माझे. म्हणजे मी त्यांना ४६,००० देणं. पण तीन गिऱ्हाइकांचा २६,००० रुपये बयाणा काकांनी मार्चमध्ये घेतला होता आणि माल मी माझ्या पैशाने एप्रिलमध्ये दिला होता. तो वजा केला. उरले २०,०००. मी चेक दिला. वीस हजारांसाठी घरात सहा महिने अबोल संशय होता.

नोंदीत काय लिहायचं

आमची नोंद शेवटी दोन पानांची झाली. तुमचीही तेवढीच पुरेल. पहिल्या ओळीत तारीख आणि वेळ: "३१ मार्च, रात्री दुकान बंद होईपर्यंत." त्याखाली चार गोष्टी.

पहिली, येणं. प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव, बाकी आणि शेवटचे पैसे कधी आले ती तारीख. शेवटची तारीख का, तर जुन्या उधारीला कायद्याने साधारण तीन वर्षांची मुदत असते. मुदत संपण्याआधी गिऱ्हाइकाची बाकी मान्य असल्याची सही घेतली तर ती पुन्हा नव्याने मोजली जाते. याच यादीखाली वसुलीचा नियम लिहा. आमचा असा: उधारी काकांचीच राहील, वसुली मी करीन, पावती वेगळ्या पावतीबुकावर फाडीन आणि दर महिन्याच्या ५ तारखेला त्यांच्या खात्यात भरीन. गिऱ्हाइकाने वेगळं सांगितलं नाही तर पैसे आधी जुन्या बाकीत. हा नियम असता तर त्या प्लंबरचे पाच हजार काकांच्या १२,००० मधून वजा झाले असते, ७,००० राहिले असते, आणि माझे ४,००० स्वच्छ उभे राहिले असते.

दुसरी, देणं. ३१ मार्चपर्यंतची व्यापाऱ्यांची बिलं काकांनी द्यायची, घेतलेले बयाणे त्यांनी माझ्याकडे वर्ग करायचे. बयाणा हमखास विसरतो, कारण तो गल्ल्यात गेलेला असतो आणि वहीत नसतो.

तिसरी, तोंडी शब्द. ही कुठल्याच खातेवहीत सापडत नाहीत. कुठल्या पेंटरला दिवाळीला काय द्यायचं, कुठल्या ठेकेदाराला मागच्या वर्षीच्या भावाने पाइप द्यायचं कबूल केलंय, कोणाला उरलेल्या टाइल्स परत घेऊ म्हटलंय. काकांना एका दिवसात आठवत नाही. आठवडाभर गल्ल्याजवळ कोरी वही ठेवा, आठवेल तसं लिहू द्या. आमच्याकडे पेंटच्या शेडची डायरीही यातच धरली. कुणाच्या हॉलला कुठला शेड नंबर लागला होता ते त्यात आहे, आणि पाच वर्षांनी तेच गिऱ्हाईक "तोच रंग द्या" म्हणत येतं.

चौथी, सरकारी कागद. इथे बरेच जण समजतात की जीएसटी नंबरवर फक्त नाव बदलायचं. तसं होत नाही. प्रोप्रायटरी दुकानाचा नंबर मालकाच्या पॅनवर असतो. पॅन बदललं की नवीन मालकाला नवीन नोंदणी. जुन्या खात्यात शिल्लक क्रेडिट असेल तर काकांनी पोर्टलवर `GST ITC-02` भरायचा, त्याला सीएचं प्रमाणपत्र लागतं, आणि तो मी माझ्या लॉगिनमधून स्वीकारायचा. हे आधी, मगच `REG-16` ने जुना नंबर रद्द करायचा अर्ज. रद्द झाल्यावर तीन महिन्यांच्या आत शेवटचं रिटर्न `GSTR-10`. हा क्रम सीएला दाखवून तारखांसह नोंदीत लिहा. आणि एक ओळ घालाच: कुठल्या महिन्यापर्यंतची रिटर्न भरली आहेत आणि नोटीस आलेली आहे का. कारण दुकान हस्तांतरित झाल्यावर आधीच्या थकलेल्या जीएसटीची जबाबदारी घेणाऱ्यावरही येते. काकांवर विश्वास नाही म्हणून हे विचारायचं नाही, खात्याला नातं दिसत नाही म्हणून विचारायचं.

व्यापारी अजून जुन्याच नंबरवर बिल फाडतोय का, हे ओळखायला महिन्याला तुमचं `GSTR-2B` बघा. माल आला आणि बिल तिथे नाही, तर आधी ही शंका घ्या.

आता निरोपाचा मेसेज

हा मेसेज देणाऱ्याच्या तोंडचा असावा, हे माझं ठाम मत. आमच्याकडे मी लिहिला होता: "आता नव्या जोमाने, नव्या रूपात!" काका काही बोलले नाहीत, पण तेहतीस वर्षं एका ओळीत जुनी झाली. दिवाळीनंतर त्यांनी स्वतः सांगितला तो हा:

"नमस्कार. तेहतीस वर्षं तुम्ही माझ्याकडून माल घेतलात, अडचणीत मला सांभाळलंत, आभारी आहे. १ एप्रिलपासून दुकान माझा पुतण्या चालवतो. भाव, उधारी आणि माल परत घेण्याचा निर्णय त्याचा. ३१ मार्चपर्यंतची बाकी माझी आहे, ती दुकानातच भरा आणि पावती घ्या. माझ्या हातात किंवा माझ्या जुन्या क्यूआरवर पैसे देऊ नका. मी दिलेला काही शब्द राहिला असेल तर महिनाअखेरपर्यंत त्याला सांगा, त्याच्याकडे यादी आहे. मी रोज ११ ते १ दुकानात गप्पांना असेन."

बघा, यात आभार आहेत, पण रेषाही आहे. "निर्णय त्याचा" हे वाक्य काकांनी लिहिलं म्हणून चाललं. तेच मी लिहिलं असतं तर उद्धटपणा झाला असता. आणि "गप्पांना" हा शब्द त्यांनीच घातला. त्याआधी लोक माझ्या भावावर नाराज झाले की ओट्यावर जाऊन काकांकडून पन्नास रुपये कमी करून आणायचे. आता काका हसून म्हणतात, "मी फक्त चहा पाजू शकतो."

व्यापाऱ्यांना वेगळा मेसेज पाठवा. त्यात नवीन जीएसटी नंबर, नवीन बँक खातं आणि "३१ मार्चपर्यंतचं देणं काका चुकते करतील" एवढंच. तो गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. आणि मेसेज जाईल त्याच सकाळी काउंटरवरचा जुना क्यूआर स्वतःच्या हाताने खरवडून काढा.

काही जण म्हणतात, नात्यात सही मागितली की मन दुखतं. खरंय, दहा मिनिटं अवघडल्यासारखं होतं. आम्ही ती दहा मिनिटं वाचवली आणि सहा महिने जेवताना एकमेकांच्या ताटाकडे बघत बसलो. नोंदीच्या तीन प्रती काढा: देणारा, घेणारा आणि घरातलं एक तिसरं माणूस, ज्याला उद्या प्रश्न पडू शकतो. आमची तिसरी प्रत ताईकडे आहे.