कसला तरी वास येतोय

२२ ऑगस्ट २०१८ च्या सकाळी परळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर आग लागली. धूर जिन्याने वर चढला आणि वरच्या मजल्यांवरची कुटुंबं घरातच अडकली. त्यांत दहा वर्षांची एक मुलगी होती. तिने सुती कापडाच्या पट्ट्या ओल्या केल्या आणि घरच्यांना, शेजाऱ्यांना त्या नाकातोंडावर धरायला लावल्या. हे तिला तिसरीत असताना शाळेत शिकवलं होतं. त्या आगीत चार माणसांचा जीव गेला, बाकीच्यांना अग्निशमन दलाने खाली आणलं. मुलीला पुढे राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला.

तिसरीतला धडा ऐन वेळी आठवला, याचं कौतुक झालं ते योग्यच. पण त्या ओल्या फडक्याची मर्यादाही आईवडिलांना ठाऊक हवी. ओलं सुती कापड काजळीचे कण बऱ्याच अंशी अडवतं, डोळ्याघशाची आग थोडी कमी करतं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड मात्र त्यातून सरळ आत जातो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि आगीत गुदमरून जाणाऱ्यांच्या मरणाचं ते एक मोठं कारण आहे. म्हणून फडकं हा बाहेर पडायची वाटच न उरलेल्यांचा उपाय आहे. जिना मोकळा असताना कापड शोधत, नळाखाली भिजवत बसणं म्हणजे हातातली मिनिटं घालवणं. चार-पाच वर्षांच्या मुलाला तर हा उपाय शिकवूच नये. त्याच्यासाठी एवढंच पुरे: धूर दिसला की खाली वाकायचं, रांगायचं आणि दाराबाहेर पडायचं. गरम धूर छताकडे जातो, त्यामुळे जमिनीलगतची हवा त्यातल्या त्यात बरी असते. याच्या सरावासाठी दोघा मोठ्यांनी चादरीची टोकं धरून ती मुलाच्या गुडघ्यांइतकी खाली आणावी आणि त्याला चादरीला न शिवता खालून दारापर्यंत जायला सांगावं. मुलं हा खेळ पुन्हा पुन्हा मागतात.

पण धूर दिसण्याआधी येतो तो वास, आणि तिथे आपल्या घरांची अडचण निराळी आहे. आपल्याकडे घरात धूर असणं रोजचंच. सकाळी उदबत्ती, संध्याकाळी धूप, रात्री डासांची कॉइल, मध्येच फोडणी जळते, कधी दूध करपतं. अशा घरात वाढणाऱ्या मुलाला ‘धुराचा वास म्हणजे धोका’ असं सांगितलं, तर दोन दिवसांत ते त्या सूचनेकडे दुर्लक्ष करायला लागेल, आणि त्याचं चुकलं असंही म्हणता येणार नाही. त्याला पटेल असा नियम वेगळा आहे: जळका वास आला आणि काय जळतंय ते दिसत नसेल, तर लगेच मोठ्या माणसाला सांगायचं. उदबत्ती दिसते, गॅसजवळ आजी उभी दिसते, म्हणजे वासाला धनी आहे. धनी दिसत नाही तो वास सांगायचा.

हा सराव मुद्दाम काही जाळून करायचा नसतो. वरण करपलं तर मुलाला हाक मारून वास दाखवावा, “हा जेवण करपल्याचा वास” असं नाव द्यावं. कोपऱ्यावर कोणी कचरा पेटवला असेल तर लांबूनच “हा प्लास्टिक जळल्याचा” म्हणून सांगावं. जळणाऱ्या वायरीचा वास साधारण याच जातीचा, तिखट आणि घशात बसणारा असतो. स्विचबोर्ड किंवा प्लग नुसताच तापला असेल तर मात्र कधीकधी चक्क मासळीसारखा वास येतो, कारण त्यातलं प्लास्टिक तापल्यावर तशी रसायनं सोडतं. मालवणी किंवा कोळी घरात हा वास सहज पचून जाईल. म्हणून घरात मासळी नसताना तो आला, तर मोठ्यांनी आधी बोर्डाजवळ जावं, भिंतीला काळपट डाग आहे का, बटणातून चरचर ऐकू येते का ते पाहावं आणि मेन स्विच बंद करावा.

गॅसच्या वासाचा धडा या सगळ्याहून वेगळा ठेवावा लागतो. एलपीजीला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं मरकॅप्टन मिसळतात. तो वास आला तर मुलाने एकही बटण दाबायचं नाही, पंख्याचंही नाही आणि दिव्याचंही नाही. मोठ्याला हाक मारायची आणि बाहेर जायचं. फोनसुद्धा बाहेर गेल्यावरच करायचा.

नाकाचा आणखी एक स्वभाव आहे. एकाच वासात काही मिनिटं बसलं की तो जाणवेनासा होतो. खोलीत टीव्ही पाहत बसलेल्या बाबांना काहीच कळत नाही आणि बाहेरून खेळून आलेली मुलगी दारातच म्हणते, “कसला तरी वास येतोय.” अशा वेळी “काही नाही गं” हे उत्तर घातक आहे. बाबांनी उठावं, तिला बरोबर घेऊन स्वयंपाकघर, देवघर, चार्जिंगला लावलेले फोन, गॅलरी असं सगळं बघावं. दहापैकी नऊ वेळा शेजारच्यांची फोडणी निघेल. तरी दहाव्या वेळी तिने सांगावं असं वाटत असेल, तर आधीच्या नऊ वेळा कोणीतरी उठलेलं तिने पाहिलेलं असायला हवं.

आणि रात्री? रात्री नाकावर विसंबता येत नाही. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात मेरी कारस्काडन आणि रेचल हर्झ यांनी झोपलेल्या माणसांना पिरिडीन या उग्र वासाच्या रसायनाचा वास दिला होता. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार गाढ झोपेतली माणसं त्या वासाने जागी झाली नाहीत. आवाजाने मात्र झाली. मुलांच्या बाबतीत आवाजाचाही पुरता भरवसा नाही. ओहायोतल्या कोलंबस इथल्या बालरुग्णालयात सहा ते बारा वर्षांच्या चोवीस मुलांवर प्रयोग झाला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. धूरसूचकाच्या नेहमीच्या कर्कश आवाजाने त्यांतली निम्म्याहून थोडीच जास्त उठली. आईच्या आवाजात नाव घेऊन हाक मारली, तेव्हा एक सोडून सगळी उठली. थोडक्यात, मुलाला वास ओळखायला शिकवणं हे जागेपणीचं शिक्षण आहे. रात्रीसाठी छताला धूरसूचक हवा, आणि तो वाजला की मुलाला कोणी उचलायचं हे घरातल्या मोठ्यांनी आधीच ठरवलेलं हवं.

आता फोन. लहान मुलाला एकच नंबर शिकवावा, ११२. महाराष्ट्रात पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका तिन्हींसाठी तो चालतो. १०१ आणि १०८ हे नंबर चूक नाहीत, पण घाबरलेल्या सहा वर्षांच्या जिवाने आग की आजार हे ठरवून नंबर निवडावा, ही अपेक्षा फार आहे. शिकवताना ‘एकशे बारा’ म्हणू नये. फोनवर एकशे बाराचं बटण नसतं, मूल ते शोधत राहतं. ‘एक, एक, दोन’ असंच पाठ करून घ्यावं.

खरा घोळ कुलूपबंद फोनचा आहे. आजची मुलं व्हिडिओ लावतात, नाव बोलून आत्याला फोन लावतात, पण अंक दाबून फोन करताना त्यांनी कोणाला पाहिलेलंच नसतं. बहुतेक फोनवर पडदा वर सरकवला की पिन टाकायच्या जागी खाली ‘इमर्जन्सी’ असा शब्द येतो. तो दाबला की पिनशिवाय ११२ लावता येतो. मुलाला शब्द वाचता येत नसेल तर त्याची जागा दाखवावी. आईचा फोन, बाबांचा फोन, आजीचा साधा बटणांचा फोन, प्रत्येकावर वेगळं दाखवावं. सराव करताना हिरव्या बटणाच्या एक पाऊल अलीकडे थांबायचं. काही फोनमध्ये पॉवरचं बटण पटापट तीन किंवा पाच वेळा दाबलं की थेट ११२ लागतो, तेव्हा तो खेळ नको.

समजा, घरी आजी आणि सहा वर्षांची नात दोघीच आहेत आणि आजी मोरीत पडली, बोलत नाही. ही आग नव्हे, तेव्हा मुलीने आजीजवळूनच फोन लावायचा आणि स्पीकर चालू करायचा. पलीकडून प्रश्न येईल. मुलगी म्हणेल, “आजी पडली.” “कुठे राहतेस बाळा?” “दत्तमंदिराजवळ.” इथे अडतं. राज्यातले ११२ चे फोन नवी मुंबई आणि नागपूरच्या केंद्रांत घेतले जातात. मुलगी सांगलीत असेल तर पलीकडच्या बाईंना तिचं दत्तमंदिर कसं कळणार? मोबाइलवरून ठिकाणाचा अंदाज येतो, पण विंग आणि मजला कळत नाही. म्हणून गावाचं नाव आधी, मग सोसायटी, विंग, मजला, आणि सगळ्यांत शेवटी मंदिर. बालवाडीतली मुलं पाढे चालीवर म्हणतात, तसाच पत्ताही म्हणवून घ्यावा. आईबाबांची खरी नावंही त्यात असू द्यावीत. आणि पलीकडचं माणूस “ठेव” म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही, चुकून लागला असला तरी नाही. “चुकून लागला” असं सांगायचं.

आग असेल तर क्रम उलटतो: आधी बाहेर, मग फोन. मुलाकडे फोन नसतोच, तेव्हा शेजारच्या काकूंचं दार वाजवून “आमच्या घरात आग लागलीय, फोन करा” म्हणणं हाही त्याच धड्याचा भाग. खेळणं, दप्तर, मांजर, काहीही आणायला परत फिरायचं नाही.

काडेपेटीबद्दल तक्रार मुलांपेक्षा मोठ्यांविषयी जास्त करावीशी वाटते. देवघर जमिनीलगत असतं आणि निरांजनाशेजारी काडेपेटी, म्हणजे तीन वर्षांच्या मुलाच्या हाताशी. ठिणगी टाकणारा गॅस लायटर ओट्याच्या कडेला लोंबतो. मुलाला ती पिस्तूल वाटते. शिवाय “बाळा, जरा काडेपेटी आण रे” म्हणून त्यालाच पाठवतात आणि दुसऱ्या दिवशी हात लावला म्हणून धपाटा घालतात. अमेरिकेत १९९४ पासून वापरून फेकायचा सिगारेट लायटर बालरोधक असावा लागतो. त्याची कसोटी अशी की साडेतीन ते सव्वाचार वर्षांच्या मुलांपैकी किमान ८५ टक्के मुलांना तो पेटवता येऊ नये. म्हणजे उरलेल्यांना येऊ शकतो, हे तिथल्या नियमानेच गृहीत धरलंय. आपल्या काडेपेटीला तर कसलाच अडसर नाही. तिची जागा वरच्या कप्प्यात, कडी लावून. मुलाचं काम एवढंच: कुठे काडेपेटी किंवा लायटर पडलेला दिसला तर हात न लावता मोठ्याला येऊन सांगायचं. सांगितलं की शाबासकी द्यायची आणि त्याच्यासमोर ती उचलून वर ठेवायची.

धाक घालून हे साधत नाही, त्याचं कारण आगीतच दिसतं. चोरून काडी ओढणारं मूल पलंगाखाली, पडद्याआड, माळ्यावर बसतं, म्हणजे गादी आणि गोधड्यांच्या शेजारी. पेटलं की मार बसेल म्हणून ते पळत नाही, तिथेच आणखी आत सरकतं किंवा कपाटात शिरून दार ओढून घेतं. शोधायला येणारा जवान तोंडावर मुखवटा, पाठीवर हवेची टाकी अशा वेशात येतो, त्याच्या श्वासाचा घरघराट होतो, आणि मूल श्वास रोखून गप्प राहतं. हे टाळण्यासाठी मुलाने तो वेश आधी पाहिलेला असावा. १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात कामी आलेल्या जवानांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. त्या दिवसांत ठिकठिकाणी प्रात्यक्षिकं होतात. तिथे जवानाला विनंती करावी की मुलासमोर आधी चेहरा दाखवा, मग मुखवटा चढवा, आणि तो चढवलेला असतानाच त्याच्याशी बोला. मुलाने त्या मुखवट्याकडे बघून मोठ्याने “मी इथे आहे” म्हणायचं. घरी परतल्यावर पलंगाखालून तेच एकदा म्हणवून घ्यावं.