उंदीर सोडण्यापूर्वीं फट बुजवा

गिरगांवांतील फणसवाडीच्या चाळींतून जीवहत्या वर्ज्य मानणारीं कुटुंबें राहतात. गांवाकडून त्यांच्या घरीं तांदळाचीं पोतीं येतात आणि त्या वासानें उंदीरही येतात. उंदीर पिंजऱ्यांत धरून पलीकडे सोडला, कीं काम झालें, असें पुष्कळांस वाटतें. आमचें मत निराळें आहे. फट उघडी असतां जवळ सोडलेला उंदीर परततो. फार दूर सोडलेला अनोळखी जागीं बहुधा मरतो. आणि शेतांत सोडल्यास त्याचा भार शेतकऱ्यावर पडतो.

खरा उपाय फट बुजविण्याचा. घरांतील लहान उंदरास ६ मिलिमीटरांची, म्हणजे शिसपेन्सिलीएवढी फट पुरते. रात्रीं भिंतीच्या कडेनें तांदळाचें पीठ पातळ भुरभुरावें. सकाळीं पावलांवरून वाट कळते. धान्य पत्र्याच्या घट्ट डब्यांत ठेवावें. नंतर एक वाट राखून बाकीच्या फटी तारेच्या जाळीनें व सिमेंटानें बुजवाव्या; चिंधी उंदीर कुरतडतो. पिंजरा सकाळ-संध्याकाळ पाहावा, नाहीं तर आंतील जीव तहानेनें मरेल. धरलेला उंदीर चाळीच्याच आवारांत सोडावा. सलग तीन रात्रीं पिठावर पावलें न उमटल्यासच शेवटची वाट बंद करावी. घाई केल्यास आंतील पिलें उपाशीं मरतात व दुर्गंधीनें तें उघड होतें.

मात्र मोरी व नळ सामाईक असतां एकाच बिऱ्हाडानें हें करून भागत नाहीं. शेजाऱ्याच्या घरांत उंदीर ढकलणें ही दया नव्हे. सबंध मजल्यानें एकाच आठवड्यांत फटी बुजवाव्या, असें आमचें सांगणें आहे.