आठवड्याच्या चार्टवरील लांब पाया

शेअरचा भाव वर्षानुवर्षे एकाच पट्ट्यात फिरत राहिला, की साप्ताहिक चार्टवर आयत उमटतो. भाव हळूहळू उतरून तितक्याच संथपणे वळला, तर बशीसारखा गोल तळ दिसतो. बशीच्या मध्यभागी उलाढालही आटलेली असते. विकणारे संपलेले आणि घेणारे अद्याप आलेले नसतात. दोन्ही आकृत्यांत काळाचे काम एकच: वरच्या भावात अडकलेला धारक कंटाळून माल सोडतो आणि तो धीर धरणाऱ्यांकडे जातो. हे हस्तांतर जितके दीर्घ, तितका पुढील चढाला आडवा येणारा माल कमी.

रिलायन्स इंडस्ट्रीजचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. 2010 ते 2016 या काळात तत्कालीन भावाने हा शेअर साधारण 700 ते 1,100 रुपयांत घुटमळत होता. (त्यानंतरच्या बोनसमुळे आजच्या चार्टवर हे आकडे बरेच लहान दिसतात.) मे 2014 मध्ये, लोकसभा निकालाच्या सुमारास, भाव 1,100 वर डोकावला, पण मार्च 2015 मध्ये तो 900 च्याही खाली होता. घाईने शिरलेल्यांना आणखी दोन-अडीच वर्षे थांबावे लागले.

फेब्रुवारी 2017 मध्ये जिओ ग्राहकांकडून एप्रिलपासून शुल्क घेणार, अशी घोषणा झाली. दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे अकरा टक्के उसळला, उलाढाल फुगली आणि तो आठवडाही 1,100 च्या बराच वर बंद झाला. 2014 आणि 2017 यांतला फरक हाच: भाव वर गेला एवढे पुरत नाही, तो वर टिकावा लागतो.

पुढील चालीचा रूढ हिशेब सोपा आहे. आयताची उंची 400. ती 1,100 मध्ये मिळवली की 1,500. सप्टेंबर 2017 मधील एकास एक बोनसपूर्वीच हा टप्पा ओलांडला गेला. सप्टेंबर 2020 मध्ये भाव 2,300 पलीकडे होता, म्हणजे जुन्या हिशेबाने 4,600. उंचीवरून काढलेला आकडा किमान अपेक्षा सांगतो. पायाची लांबी त्यापलीकडच्या चालीची शक्यता सुचवते, हमी देत नाही. असेच लांब आयत खालच्या बाजूनेही फुटतात आणि ते मात्र कोणी आठवणीत ठेवत नाही.

शिवाय थांबण्याची किंमत हिशेबात धरली पाहिजे. 2010 मध्ये हजार रुपयांना शेअर घेणाऱ्याचे भांडवल सात वर्षे जवळपास जागीच राहिले. साडेआठ टक्क्यांच्या मुदत ठेवीत ते करापूर्वी सुमारे पावणेदोन पट झाले असते. म्हणून पायाच्या आत शिरण्यापेक्षा साप्ताहिक बंद भावाची वाट पाहणे व्यापारी हिशेबाला धरून आहे. भाव पुन्हा आयतात परतून तेथेच आठवडा बंद झाला, तर सौदा सोडावा, मग पाया सात वर्षांचा का असेना.